स्टीलचे डाग, विळीचा गंज

नव्या डब्याच्या बुडाशी तांबूस ठिपके दिसले की लगेच म्हटलं जातं, 'फसवलं, स्टील हलकं दिलं.' स्टेनलेस स्टीलला गंज चढूच शकत नाही, हा गैरसमज त्यामागे असतो. या स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच लोखंडाला जपतो. मीठ मात्र हा थर भेदतं. रात्रभर मिठाचं पाणी किंवा लोणच्याचा खार राहिलेल्या भांड्याला बारीक खड्डे पडतात.

बरेचदा तर तो गंज भांड्याचा नसतोच. लोखंडी तारेच्या घासणीचे कण स्टीलवर चिकटतात आणि तेच गंजतात. ओला तवा स्टीलच्या ताटावर ठेवला तरी असाच डाग पडतो. डागावर नख फिरवून पाहा. गुळगुळीत लागलं तर खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट मऊ कापडानं घासली की डाग बहुधा निघतो. नख अडकलं तर खड्डा पडला आहे. डाग गेला तरी खड्डा भरत नाही.

लोखंडाचं गणित वेगळं. 'व्हिनेगरमध्ये जितकं जास्त बुडवावं तितकं चांगलं' हा इथला महागात पडणारा समज. आम्ल आधी गंज विरघळवतं, पण खालच्या चांगल्या लोखंडालाही सोडत नाही. विळीचंच घ्या. पाट भिजू नये म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं फक्त पात्याभोवती गुंडाळा आणि दर अर्ध्या तासानं उघडून बघा. गंज सैल होऊन काळपट चिखलासारखा सुटू लागला की फडकं काढा. इथे तारेची घासणी चालते, कारण पातं लोखंडाचंच आहे. पाठीकडून धारेकडे हात फिरवा, म्हणजे बोट कापणार नाही. मग लिटरभर पाण्यात चमचाभर सोडा घालून त्यानं पातं धुवा आणि लगेच कोरडं करा. थोड्या वेळात पुन्हा नारिंगी झाक आली, तर ओल किंवा आम्ल राहून गेलं आहे. सोड्याचं धुणं पुन्हा करा. पातं गॅसवर मात्र वाळवू नका. जास्त तापलं तर लोहारानं दिलेलं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. उन्हात ठेवलेलं पुरतं.

आम्ल लावलेल्या वस्तूवर ब्लीच कधीच ओतू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

गंज परत येऊ नये म्हणून तेल थापायची गरज नाही. दोन-तीन थेंब खायचं तेल पुसून घ्यावं, हात लावल्यावर चिकट लागू नये. कोयता-खुरप्याला मशीनचं तेल चालेल. पावसाळ्यात ही अवजारं गोणपाटात गुंडाळून ठेवतात, पण गोणपाट ओल धरतं आणि ती लोखंडाला चिकटून राहते. खताची जुनी गोणी त्याहून वाईट, कारण तिच्यात क्षार उरलेले असतात. अवजारं पुसून, तेल लावून, भिंतीपासून थोडी दूर खिळ्याला टांगावीत.