गड पडला, तरी राज्य टिकलं

सातारच्या अजिंक्यताऱ्याला डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेबाचा वेढा पडला. बादशहा स्वतः तळ देऊन बसला होता, शहजादा आझम आणि तोफखान्याचा प्रमुख तरबियतखान मोर्चे चालवत होते. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू आपल्या शिबंदीनिशी होते. आकडे पाहिले तर हा सामना काही दिवसांत संपायला हवा होता. तो साडेचार महिने चालला.

असं का झालं, हे समजलं की मराठ्यांची युद्धपद्धती समजते. पाठ्यपुस्तकांत गनिमी कावा एका प्रकरणात येतो आणि किल्ले दुसऱ्या प्रकरणात. प्रत्यक्षात ते एकाच यंत्रणेचे दोन भाग होते. गडाने शत्रूला एका जागी अडकवून ठेवायचं, आणि तो अडकलेला असताना बाहेरच्या फौजेने त्याची रसद तोडायची.

मोगल छावणी म्हणजे चालतं शहर असे. जड तोफा, तंबू, बाजार, हत्ती, उंट आणि हजारो बैल. ही छावणी रोज जेवढं धान्य आणि वैरण खाई, तेवढं आसपासच्या मुलखात मिळत नसे. ते लांबून बैलांच्या तांड्यांवरून आणावं लागे. मराठा स्वाराकडे तंबू नसे, मागे तोफांचं लटांबर नसे. तो सडा येई आणि सडाच निघून जाई. त्याने छावणीवर समोरून चाल करण्याची गरजच नव्हती. वाटेवरचा तांडा लुटला, वैरणीला गेलेली टोळी कापून काढली, की छावणीत महागाई सुरू होई. सातारच्या वेढ्याच्या काळात धनाजी जाधव आणि इतर सरदार बाहेरून हेच करत होते.

गडाच्या बाजूचं काम वेगळं होतं. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत गडावर एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन समान दर्जाचे अधिकारी असत, आणि ते वेगवेगळ्या जातींचे नेमले जात. कोठाराचा हिशेब ठेवायला कारखानीस असे. एकटा माणूस फितला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

गड कसा असावा, याचा सर्वांत बारकाईने विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतो. गड बांधायचा तर आधी पाणी पाहावं. एका झऱ्यावर विसंबू नये, टाकी खोदून साठा करावा, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. हे वाक्य कुणा पंडिताला सुचलेलं नाही, वेढा सोसलेल्या माणसाचं आहे. दुसरी सूचना अशी, की गडासमोर माऱ्याच्या टप्प्यात दुसरा डोंगर असू नये. असलाच तर तो सुरुंगाने फोडून कमी करावा, आणि तेही जमत नसेल तर तटबंदी घालून आपल्याच ताब्यात ठेवावा.

समोरचा डोंगर शत्रूच्या हाती गेला की काय होतं, ते 1665 मध्ये पुरंदरावर दिसलं होतं. पुरंदरालगत वज्रगड आहे. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी एप्रिलमध्ये आधी वज्रगड घेतला आणि मग तिथून पुरंदरावर मारा सुरू केला. मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले. त्याच वेळी जयसिंगाने घोडदळाच्या तुकड्या पाठवून आजूबाजूची गावं जाळायला सुरुवात केली होती. मराठे शत्रूच्या रसदेवर घाव घालत; इथे जयसिंगाने स्वराज्याच्या रसदेवरच घाव घातला. जूनमध्ये महाराजांना तह करावा लागला. 23 किल्ले गेले, 12 उरले. या पद्धतीची मर्यादा ती हीच. खेडी आणि शेतकरी उभे असतील तरच बाहेरची फौज जगते, आणि ती जगली तरच गड झुंजतो.

औरंगजेबाच्या छावणीला हे साधलं नाही. तिचा पसारा मोठा होता, पण पाय जड होते.

पुन्हा साताऱ्याकडे येऊ. वेढा रेंगाळला, कारण डोंगरी किल्ल्याच्या कड्यावर तोफा फारसा परिणाम करत नाहीत. सुरुंग खणावे लागतात, आणि कातळात सुरुंग खणायला महिने जातात. मधेच मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं. तरीही सातारा झुंजत राहिला. एप्रिलमध्ये तटाखालचे सुरुंग तयार झाले. पहिल्या स्फोटाने तट कोसळला आणि गडावरचे बरेच लोक गाडले गेले. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्यात अडकले आणि त्यांना जिवंत उकरून काढलं, असं ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे. दुसरा सुरुंग मात्र उलटा फुटला. दरड बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या मोगल सैन्यावरच कोसळली आणि सुमारे दोन हजार माणसं मेली.

एवढं होऊनही 21 एप्रिलला गड मोगलांच्या स्वाधीन झाला. बोलणी करून शिबंदी बाहेर पडली. बादशहाने गडाचं नाव आझमतारा ठेवलं. नकाशावर हा विजयच होता.

पण त्याची किंमत पुढच्या महिन्यांत कळली. साताऱ्यानंतर परळी घेईपर्यंत पावसाळा तोंडावर आला. चिखलात बैल आणि उंट मरू लागले, वाहतूक कोलमडली. ऑक्टोबरमध्ये माण नदीकाठी खवासपूरला छावणी पडली असताना रात्री नदीला पूर आला. धावपळीत वृद्ध बादशहा पडला, त्याचा गुडघा निखळला आणि तो पुढे आयुष्यभर लंगडत राहिला.

त्यानंतरही तो एकेका गडामागे लागला. 1702 मध्ये विशाळगडासाठी सहा महिने घालवले आणि शेवटी सुमारे दोन लाख रुपये मोजून गड घेतला. बरेचसे किल्ले असेच पैसे देऊन मिळाले. 1704 मध्ये तोरणा मात्र लढून घेतला. मराठ्यांनी यात एक साधा हिशेब पाळला होता. पावसाळ्यापर्यंत झुंजायचं, शत्रूचा हंगाम वाया घालवायचा, अगदीच निभेना तेव्हा पैसे घेऊन बाहेर पडायचं, आणि बादशहाची पाठ फिरली की गड पुन्हा घ्यायचा. किल्लेदाराने गड सोडला म्हणजे तो फितूरच, असा सरसकट शिक्का मारणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा. काही ठिकाणी फितुरी झालीच, पण प्रत्येक माघार फितुरी नव्हती.

जिंकलेला प्रत्येक गड सांभाळायला मोगलांना नवी शिबंदी, नवं धान्य आणि नवा किल्लेदार लागे. जितके गड हाती येत, तितकी फौज विखुरली जाई, आणि तितक्या रसदेच्या वाटा मराठ्यांच्या तडाख्यात सापडत.

विद्यार्थ्यांनी गडावर गेल्यावर बुरूज तर पाहावेतच. पण टाकी किती आहेत, समोरचा डोंगर माऱ्याच्या टप्प्यात येतो का आणि धान्य कोणत्या वाटेने वर येत असेल, हेही पाहावं. अजिंक्यताऱ्यावरून यवतेश्वरची बाजू आणि परळीचा डोंगर दिसतो. हातात नकाशा घेऊन तिथे तासभर बसलं, तर 1700 चा वेढा पुस्तकापेक्षा नीट कळतो.

औरंगजेब 1707 मध्ये अहमदनगरजवळ वारला. त्यानंतर वर्षभराच्या आतच, जानेवारी 1708 मध्ये, शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला.