तीन वर्षं गाळली, एक उन्हाळा ठेवला

दुग्धतंत्रज्ञानाची पदवी घेतलेली एक मुलगी आपला अर्ज दाखवायला आली होती. जागा एका दूध संघातली होती: गावोगावच्या संकलन केंद्रांवर फिरून दुधाची गुणवत्ता सांभाळायची. तिच्या कव्हर लेटरचा पहिला परिच्छेद जन्मगावापासून सुरू होई. मग दहावीचे गुण, आइस्क्रीम कारखान्याच्या प्रयोगशाळेतली तीन वर्षं, शीतकरण केंद्रावरचं एक वर्ष आणि शेवटी ‘मेहनती व जिद्दी’. सगळं खरं होतं, पण कुठल्याही डेअरीतल्या कुठल्याही जागेला ते चाललं असतं.

आम्ही आधी जाहिरात वाचली. त्यात कामं तीन निघाली: दूध तपासणं, खराब दूध कुठून येतं ते शोधणं आणि दूध संस्थांशी बोलून ते थांबवणं. आइस्क्रीमच्या कारखान्यात दूध टँकरनं यायचं, संस्थांशी संबंधच नव्हता. म्हणून ती तीन वर्षं बायोडेट्यातच ठेवली आणि शीतकरण केंद्राचं एक वर्ष वर आणलं.

पण ‘एक वर्षाचा अनुभव’ म्हणून भागत नाही. तिथं काय केलंस, असं खोदून विचारल्यावर ती म्हणाली, “उन्हाळ्यात एका मार्गावरचं दूध सारखं आंबट यायचं, सर. कुठून येतं ते मी शोधलं.” हे तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. मग परिच्छेद असा झाला:

“आपल्या संघातील गुणवत्ता अधिकारी पदासाठी मी अर्ज करत आहे. पदवीनंतर वर्षभर शीतकरण केंद्रावर फॅट, एसएनएफ व आम्लतेची रोजची तपासणी मी केली आहे. उन्हाळ्यात एका मार्गावरील दूध वारंवार आंबट येऊ लागले, तेव्हा प्रत्येक संस्थेचे नमुने वेगळे घेऊन मिथिलीन ब्लू चाचणी केली. दोन संस्थांचे कॅन नीट धुतले जात नसल्याचे आढळले. त्यांच्या सचिवांशी बोलून धुण्याची पद्धत बदलून घेतली.”

मिथिलीन ब्लूचा निळा रंग जितक्या लवकर उडतो, तितके दुधात जिवाणू जास्त. गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाला हे सांगावं लागत नाही, म्हणून पत्रातही सांगितलं नाही.

शेवटी तिनं ‘समस्या कायमची सोडवली’ असं जोडलं होतं. तशी नोंद आहे का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “तक्रारी कमी झाल्या, पण टेम्पो उशिरा आला की दूध पुन्हा आंबट यायचं.” ते वाक्य काढलं, कारण मुलाखतीतला पहिला प्रश्न त्यावरच आला असता. प्रतिजैविकांच्या अंशांची तपासणीही जाहिरातीत होती. ती तिनं केलेली नव्हती, म्हणून पहिल्या परिच्छेदात तिचा उल्लेख केला नाही. दुसऱ्या परिच्छेदात ‘ही चाचणी अजून केलेली नाही, शिकून घेईन’ असं सरळ लिहिलं.

उद्या तिनं आइस्क्रीमच्या कारखान्यात अर्ज केला, तर ती तीन वर्षं पहिल्या ओळीत येतील आणि कॅनची गोष्ट बायोडेट्यात जाईल.