झुकलेलं पेर आणि सुटलेली चिमटी

गादीखाली चादर खोचताना मधल्या बोटाचं टोक कुठेतरी अडकलं, बारीक ‘कट्’ झालं आणि शेवटचं पेर खाली झुकलं. दुखलं फारसं नाही. दुसऱ्या हाताने उचललं की पेर सरळ व्हायचं, सोडलं की पुन्हा खाली. या निवृत्त शिक्षिकाबाईंनी चार दिवस हळदीचा लेप लावला आणि मग त्या माझ्याकडे आल्या.

बोट सरळ करणारी टेंडन हाताच्या पाठीवरून येते आणि चपटी, पातळ होत नखाच्या बुडाजवळ शेवटच्या हाडाला चिकटते. ताठ बोटाच्या टोकावर चेंडू आदळला किंवा बोट कशात अडकून झटक्याने वाकलं, तर ती तिथे तुटते, नाहीतर हाडाचा कपचा घेऊन उपटली जाते. यालाच मॅलेट फिंगर म्हणतात. बाईंच्या एक्सरेत हाड शाबूत होतं, म्हणजे फक्त टेंडन तुटली होती. अशा बोटाला शस्त्रक्रिया लागत नाही, स्प्लिंट लागते.

ही छोटी खपची शेवटचा सांधा पूर्ण सरळ धरते आणि मधला सांधा मोकळा ठेवते, नाहीतर तोही आखडतो. ती सहा ते आठ आठवडे रात्रंदिवस ठेवायची. तुटलेल्या टोकांमध्ये तयार होणारा जोड सुरुवातीला अगदी कच्चा असतो. पेर एकदा जरी खाली पडलं, तरी तो ताणला जातो आणि मग दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. बाईंच्या बाबतीत तेच झालं. चौथ्या आठवड्यात त्यांनी कणीक मळायला स्प्लिंट काढली. “पाचच मिनिटं हो डॉक्टर,” त्या म्हणाल्या. माझ्यासमोर पेर पुन्हा झुकलेलं होतं. त्या दिवशी आम्ही नव्याने सुरुवात केली.

स्प्लिंट कधीच काढायची नाही, असंही नाही. आत ओल राहिली तर कातडी पांढरी पडून सोलपटते. म्हणून काढताना हात टेबलावर पालथा ठेवायचा, बोट सपाट टेकलेलं राहू द्यायचं आणि स्प्लिंट पुढे सरकवायची. बोट पुसून कोरडं केलं की ते तसंच टेकलेलं असताना ती परत चढवायची. हे बाईंना मी पहिल्याच दिवशी करून दाखवायला हवं होतं, नुसतं सांगणं पुरेसं नव्हतं. सरळ करण्याच्या नादात पेर फार मागेही वाकवू नये. सांध्यावरची कातडी पांढरी दिसली, तर तिथला रक्तपुरवठा दबतो आहे. दिवसाची स्प्लिंट सुटल्यावर काही आठवडे ती फक्त रात्री घालायची. बाईंचं बोट आता किंचित वाकलेलं आहे, पण त्या सगळं काम करतात. उशिरा आलेल्या माणसालाही, अगदी दोन महिन्यांनंतरसुद्धा, मी आधी स्प्लिंटच देतो.

शस्त्रक्रियेचा विचार करायचा तो जखम उघडी असेल तेव्हा, किंवा उपटलेला कपचा सांध्याच्या पृष्ठभागाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाहून मोठा असून शेवटचं हाड तळव्याकडे सरकलं असेल तेव्हा. यातलं हाडाचं सरकणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तारेने सांधा धरता येतो, पण त्यात जंतुसंसर्ग, नखाचा बिघाड आणि सांधा आखडणं हे धोके असतात.

अंगठ्याची गोष्ट वेगळी. दुचाकी घसरली, हँडल मुठीत राहिलं आणि अंगठा बाहेरच्या बाजूला फाकला, की त्याच्या बुडाच्या सांध्याला तर्जनीच्या बाजूने धरून ठेवणारं लिगामेंट फाटतं. चिमटीचा सगळा जोर तिथे येतो. ते अर्धवट फाटलं असेल, तर अंगठ्याचं टोक मोकळं ठेवणारी स्पायका स्प्लिंट चार ते सहा आठवड्यांत काम करते. पूर्ण फाटलं, तर त्याचं तुटलेलं टोक बरेचदा शेजारच्या स्नायूच्या पातळ पडद्यावर उडी मारून बसतं. टोक आणि हाड यांच्यामध्ये तो पडदा येतो, मग कितीही महिने बांधून ठेवा, दोन्ही भेटतच नाहीत. स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी 1962 मध्ये हे दाखवून दिलं.

म्हणून तपासणी नीट व्हावी लागते. आधी एक्सरे, मग सांधा हलकेच बाजूला वाकवून दुसऱ्या अंगठ्याशी तुलना. तो 30-35 अंशांहून जास्त उघडला, किंवा चांगल्या बाजूपेक्षा 15 अंश अधिक, आणि शेवटी ‘अडलं’ असं हाताला जाणवलंच नाही, तर लिगामेंट पूर्ण फाटलेलं समजायचं. शंका राहिली तर सोनोग्राफी किंवा एमआरआय. शस्त्रक्रिया साधारण तीन आठवड्यांच्या आत झाली, तर तेच लिगामेंट छोट्या अँकरने हाडाला परत बसवता येतं.

एक तरुण मेकॅनिक तीन महिने बाजारातला पट्टा बांधून माझ्याकडे आला होता. सूज उतरली होती, दुखणं कमी होतं, पण पान्याची पकड सुटायची. अंगठ्याच्या बुडाशी वाटाण्याएवढी गाठ लागत होती; ते वर जाऊन बसलेलं लिगामेंट होतं. ते आक्रसलेलं निघालं, म्हणून त्याच्या मनगटातली एक टेंडन काढून नवं लिगामेंट तयार करावं लागलं.