पाठीवर झोपलेल्या बाळाच्या घशात दूध अडकतं का?

नव्या आईबाबांकडून मला हमखास येणारा प्रश्न: बाळाला पाठीवर झोपवलं आणि दूध उलटलं, तर ते श्वासात जाईल ना?

उलट आहे. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते, अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध खालीच राहतं, बाळ ते गिळतं. पालथं झोपवलं, की तेच दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी येतं. म्हणून वर्षभर, दुपारीसुद्धा, पाठीवरच झोपवा.

गादी कडक हवी. हाताने दाबून सोडली, की खड्डा राहायला नको. मऊ गादीत तोंड रुतलं तर लहान बाळाला सुटता येत नाही. मोहरीची उशी, गोधडी, सैल दुपटं जवळ नको. थंडी असेल तर एखादा कपडा जास्त घाला.