आकारामुळे आणि नावामुळे अडणारी फाइल

नागापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या पोर्टलवर ‘अहिल्यानगर तपासणी #2.pdf’ अपलोड होत नाही किंवा होऊनही उघडत नाही, तेव्हा आधी आकार पाहावा. एनजिनएक्स हा सर्व्हर मुळात 1 एमबीपेक्षा मोठी विनंती नाकारतो आणि 413 हा क्रमांक परत पाठवतो. `client_max_body_size` वाढवून हे सुटते. मात्र मागे पीएचपी असेल तर तिची मूळची 2 एमबीची मर्यादाही वाढवावी लागते. बहुधा हेच राहून जाते.

छोटी फाइलही अडली, पण `a.pdf` नाव देताच गेली, तर दोष नावात आहे. ‘अहिल्यानगर’मध्ये दिसायला सहा अक्षरे, यूटीएफ-8मध्ये मात्र काना, वेलांटी, हलंत धरून दहा चिन्हे, प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे 30 बाइट. लिनक्सवर सहसा फाइलच्या नावाला 255 बाइटच मिळतात, म्हणून लांबलचक मराठी नाव साठवताना `File name too long` ही चूक येते.

`#`चा त्रास निराळा. फाइल साठते, पण लिंक उघडत नाही, कारण ब्राउझर `#`पासून पुढचा भाग सर्व्हरला पाठवतच नाही. लिंकमध्ये त्याजागी `%23` लिहावे लागते. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे फाइल क्रमांकाने साठवणे आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवणे.