लांबीच्या प्रमेयात क्षेत्रफळ कशाला?

दहावीच्या भूमितीत समरूपतेच्या प्रकरणात प्रमाणाचे मूलभूत प्रमेय येते. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना छेदत असेल, तर ती त्या दोन्ही बाजू एकाच प्रमाणात विभागते. त्रिकोण ABC मध्ये BC ला समांतर रेषा AB ला P मध्ये आणि AC ला Q मध्ये छेदते; सिद्ध करायचे ते AP/PB = AQ/QC. विधान डोळ्यांना पटते. पण रचनेत BQ आणि PC हे रेषाखंड जोडले जातात, सिद्धतेची पहिलीच ओळ क्षेत्रफळाची निघते आणि तिथे विद्यार्थी अडतो. प्रश्न लांबीचा असताना क्षेत्रफळ कुठून आले, हे कळले नाही की उरते ते पाठांतर.

आधी क्षेत्रफळ काय काम करते ते पाहू. त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंचीच्या निम्मे. दोन त्रिकोणांची उंची सारखी असेल, तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर पायांच्या गुणोत्तराएवढेच येते. म्हणजे लांबीचे गुणोत्तर क्षेत्रफळात लिहिता येते. APQ आणि PQB हे असेच दोन त्रिकोण आहेत, पण BC आडवी ठेवून काढलेल्या आकृतीत ते चटकन दिसत नाही. वही फिरवून AB आडवी करावी. आता AP आणि PB हे पाये एकाच रेषेवर आले आणि Q हा दोघांचा सामाईक शिरोबिंदू झाला. Q पासून AB वर टाकलेला लंब हीच दोघांची उंची. कोन B लघुकोन असेल, तर या लंबाचा पाय PB वर न पडता त्रिकोण PQB च्या बाहेर पडतो. म्हणून गोंधळायचे कारण नाही. उंची पायाच्या रेषेपासून मोजायची असते. तेव्हा A(APQ)/A(PQB) = AP/PB. मग AC आडवी करून, P हा शिरोबिंदू धरून हाच विचार केला की A(APQ)/A(PQC) = AQ/QC मिळते.

दोन्ही गुणोत्तरांचा अंश एकच आहे. आता PQB आणि PQC यांची क्षेत्रफळे सारखी निघाली की काम झाले. PQ हा दोघांचा सामाईक पाया आहे. B आणि C हे PQ ला समांतर असलेल्या BC वर आहेत, म्हणून PQ पासून दोघांचे अंतर सारखे. पाया तोच, उंची तीच, म्हणून क्षेत्रफळही तेच. अख्ख्या सिद्धतेत ‘समांतर’ हा पक्ष इथे, एकदाच वापरला जातो. रेषा तिरपी असती तर सिद्धता नेमकी याच पायरीवर कोसळली असती. काही विद्यार्थी इथे कारण म्हणून ‘एकरूप त्रिकोण’ लिहितात. ते चूक आहे. या दोन त्रिकोणांचे आकार सहसा वेगळेच असतात, सारखे असते ते फक्त क्षेत्रफळ.

समजा AP 4 सेमी, PB 6 सेमी आणि त्रिकोण APQ चे क्षेत्रफळ 8 चौसेमी आहे. मग PQB चे क्षेत्रफळ 12 आणि म्हणून PQC चेही 12. आता AQ/QC = 8/12, म्हणजे 2/3. AQ 6 सेमी असेल तर QC 9 सेमी. याच आकृतीत PQ/BC मात्र 2/3 येत नाही. ते AP/AB एवढे, म्हणजे 4/10 = 2/5 असते. AP/PB = PQ/BC असे लिहून हातचे गुण घालवणारे पुष्कळ असतात.

हुशार विद्यार्थी विचारतो, ‘कोको कसोटीने APQ आणि ABC समरूप दाखवले की दोन ओळींत होत नाही का?’ शंका चांगली आहे. पण शालेय मांडणीत कोको कसोटीची सिद्धता याच प्रमेयावर उभी असते. मग ज्याच्या आधारावर कसोटी आली, तेच तिच्या आधारे सिद्ध केल्यासारखे होईल.

क्षेत्रफळाशिवायही एक वाट आहे. प्रमाण 2:3 असेल तर AB चे पाच सारखे भाग करायचे आणि प्रत्येक बिंदूतून BC ला समांतर रेषा काढायची. AC चेही पाच सारखे भाग होतात. त्यांतले दोन AQ मध्ये, तीन QC मध्ये. पण AP = 1 आणि PB = √2 असेल तर? कितीही बारीक तुकडा घेतला, तरी तो दोन्हीत पूर्ण संख्येने बसत नाही, कारण √2 अपरिमेय आहे. क्षेत्रफळाच्या सिद्धतेत तुकडे मोजावेच लागत नाहीत, म्हणून ती इथेही चालते.

युक्लिडने सुमारे 2300 वर्षांपूर्वी ‘एलिमेंट्स’च्या सहाव्या खंडात दुसरे विधान म्हणून हे प्रमेय क्षेत्रफळानेच सिद्ध केले. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात असतात, हे त्याच्या आधीचे, पहिले विधान. अपरिमेय लांबीची अडचण त्याने तिथेच, गुणोत्तरांची तुलना त्यांच्या पटींवरून करून सोडवली होती. शाळेत हे ओझे पाया गुणिले उंचीचे सूत्र उचलते; ते कोणत्याही लांबीला लागू पडते असे आपण गृहीत धरतो.