सोमवारी काउंटर उघडण्याआधी

समजा, पाच शाखांच्या एका पतसंस्थेत 13 जुलैच्या सोमवारपासून नवी संगणक प्रणाली सुरू होणार आहे. त्यासाठी निघणाऱ्या परिपत्रकात अनेकदा तेवढी एकच तारीख असते. कर्मचाऱ्यांचे काम मात्र तेवढ्यावर भागत नाही. जुनी प्रणाली कधी बंद होणार, हे आधी ठळकपणे लिहायला हवे: 'शनिवार, 11 जुलै, दुपारी 4 नंतर जुन्या प्रणालीत एकही नोंद करू नये. पिग्मी एजंटांनी भरणा 3 पर्यंत करावा.' ही वेळ पाळली नाही, तर माहिती उचलून झाल्यावर आलेली नोंद जुन्या खात्यातच राहून जाते.

रविवार ताळमेळासाठी ठेवायचा. दोन्ही प्रणालींची तेरीज जुळली की बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकतात, पण तेवढ्याने भागत नाही. 11 जानेवारीला 8 टक्के सरळव्याजाने ठेवलेली एक लाखाची मुदत ठेव घ्या. माहिती हलवताना व्याज सुरू होण्याची तारीख चुकून 11 जुलै पडली, तरी ठेवींची बेरीज तंतोतंत जुळेल. ठेवीदाराचे सहा महिन्यांचे सुमारे 3,970 रुपये व्याज मात्र बुडेल. म्हणून प्रत्येक शाखेने बचत, मुदत ठेव आणि कर्ज यांची काही खाती काढून शिल्लक, व्याजदर आणि तारखा जुन्या उताऱ्याशी पडताळाव्यात, असे परिपत्रकात स्पष्ट हवे.

प्रशिक्षण 29 जून ते 4 जुलै या आठवड्यात घ्यावे. महिनाभर आधी शिकलेले विसरले जाते आणि आदल्या दिवशी शिकवले तर सरावाला वेळ उरत नाही. सराव खोट्या खात्यांवर करावा आणि ज्याचे जे काम, तेच त्याला शिकवावे. रोखपालाला भरणा, रक्कम देणे आणि चुकलेली नोंद उलटवणे स्वतः करून दाखवता आले पाहिजे. त्यातही नोंद उलटवणे हमखास राहून जाते. ती अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होत नसेल, तर त्या दोघांनी मिळून सराव करावा.

मदतीसाठी नुसता एक फोन नंबर देऊन चालत नाही. आधी शाखेतला प्रशिक्षित सहकारी, मग मुख्य कार्यालय आणि शेवटी सॉफ्टवेअर कंपनी, असा क्रम नावानिशी द्यावा. कळवताना खाते क्रमांक, वेळ आणि पडद्यावरचा नेमका संदेश सांगावा. पासवर्ड कोणालाही सांगू नये. प्रणाली अर्धा तास बंद राहिली, तर हाती पावती देऊन भरणा घ्यायचा का आणि ती नोंद नंतर कोणी चढवायची, हेही लिहावे.

शेवटची ओळ निर्णयाची असावी. रविवारी संध्याकाळी 6 पर्यंत ताळमेळ जुळला नाही, तर सोमवारी जुनीच प्रणाली चालेल आणि तसा निरोप व्यवस्थापक देतील. ही मुभा आधीच लिहून दिलेली असली, तर फरक दिसत असतानाही काउंटर उघडण्याची वेळ कोणावर येत नाही.